मार्चअखेर उरलेले आठ लाख

सातारा जिल्ह्यातल्या एका कारखानदाराने २७ मार्च २०२४ रोजी आठ लाखांचा चेक एका संस्थेच्या नावाने लिहिला आणि सुटकेचा श्वास सोडला. कारखान्यापासून चार किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधायची होती, त्यासाठी हे पैसे होते. पुढे नोव्हेंबरात ती स्वच्छतागृहं बांधून झाली, चांगली झाली, आजही वापरात आहेत. आठ लाखांतला एक रुपयाही कुणी खाल्ला नाही. तरीही त्याच आठ लाखांपायी त्या कंपनीला आणि तिच्या तीन संचालकांना नंतर आणखी सव्वीस लाखांहून अधिक रक्कम भरावी लागली.

मी कंपनी सेक्रेटरी आहे, आणि हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा बराच उशीर झालेला होता. नावं सांगत नाही. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. पण घडलं ते असंच, आणि लहान-मध्यम कारखान्यांमध्ये ते पुन्हा पुन्हा घडतं आहे, म्हणून ते नीट उलगडून सांगावंसं वाटतं.

कंपनी कायदा २०१३ मधलं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्याला सगळे सीएसआर म्हणतात ते हेच. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची. या तिन्हींपैकी एकच अट पुरी झाली तरी कायदा लागू होतो. लोकांच्या मनात सीएसआर म्हटलं की टाटा, रिलायन्स, इन्फोसिस अशी नावं येतात. पण ५ कोटींच्या नफ्याची रेघ एमआयडीसीतला एखादा बऱ्यापैकी चालणारा कारखाना सहज ओलांडतो. कंपनी खासगी आहे, शेअर बाजारात नाही, सगळे भागधारक एकाच घरातले आहेत, यानं काही फरक पडत नाही.

आमच्या या कारखान्याचंच बघा. गिअरचे सुटे भाग बनवणारी घरची कंपनी. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात नफा ४ कोटी ३० लाख, पुढच्या वर्षी ४ कोटी ८० लाख. मग एक मोठी ऑर्डर मिळाली आणि २०२२-२३ मध्ये नफा ८ कोटी ९० लाखांवर गेला. त्या एका वर्षानं रेघ ओलांडली, त्यामुळे २०२३-२४ या वर्षासाठी कायदा लागू झाला. आणि एकदा लागू झाला की सरासरीत तिन्ही वर्षं येतात, रेघेच्या आतली दोन वर्षंसुद्धा. तिन्हींची बेरीज १८ कोटी, सरासरी ६ कोटी, दोन टक्के म्हणजे १२ लाख. इथे नफा धरायचा तो आयकर भरण्याआधीचा, आणि तोही कलम १९८ च्या पद्धतीने काढलेला. ताळेबंदात शेवटी दिसणारा आकडा उचलून चालत नाही. शिवाय या १२ लाखांची धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजावट मिळत नाही, हे मालकाला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

बारा लाख ही रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे वेगळी सीएसआर समिती नेमायची गरज नव्हती. संचालक मंडळानेच सगळं ठरवायचं. मंडळ म्हणजे मालक, त्याची पत्नी आणि धाकटा भाऊ. वहिनी कारखान्यात कधी येत नाहीत. कागद घरी जातात, त्या सही करतात. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता चूक कुठे सुरू झाली ते सांगतो. एप्रिल २०२३ पासून आपल्यावर १२ लाखांचं देणं चढलं आहे, हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं जानेवारी २०२४ मध्ये, ऑडिटरने सहज विचारलं तेव्हा. हातात तीन महिनेही नव्हते. मालक भला माणूस. तो थेट गावच्या शाळेत गेला, मुख्याध्यापक बाईंना भेटला. बाईंनी जे मागितलं ते अगदी साधं होतं. पाण्याची टाकी, फुटलेल्या बाकांच्या जागी नवे बाक आणि मुलींसाठी स्वच्छतागृहं. सातवीच्या मुली दुपारी घरी निघून जातात आणि परत येत नाहीत, हे बाईंनी सांगितलं. टाकी आणि बाक यांवर ४ लाख खर्च झाले, फेब्रुवारीतच बिलं चुकती झाली. तिथवर सगळं सरळ होतं.

स्वच्छतागृहांचं काम मात्र अडलं. शाळा जिल्हा परिषदेची, जागा जिल्हा परिषदेची. बांधकामाला ना हरकत हवी, त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा, नकाशा हवा. मार्चचा तिसरा आठवडा उजाडला तरी कागद पुढे सरकला नव्हता. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला की पैसे एका संस्थेला देऊन टाका, संस्था सीएसआरसाठी नोंदणी केलेली आहे, काम ती नंतर करेल, तुमचा खर्च मार्चमध्ये दाखवता येईल. २७ मार्चचा तो चेक यातून निघाला.

हा सल्ला चुकीचा होता. का चुकीचा, हे समजलं की या विषयाचं मर्म हाती येतं.

कायद्याच्या दृष्टीने खर्च म्हणजे पैसे कंपनीच्या खात्यातून बाहेर जाणं नव्हे. पैसे प्रत्यक्ष कामावर वापरले जाणं म्हणजे खर्च. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक परिपत्रक काढलं, त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे की राबवणाऱ्या संस्थेला नुसती रक्कम दिली म्हणून ती खर्च झाली असं होत नाही, संस्थेने ती वापरायला हवी. नियमांतही संचालक मंडळावर ही जबाबदारी टाकली आहे की दिलेले पैसे ठरल्या कामासाठी आणि ठरल्या रीतीने वापरले गेले याची त्यांनी खात्री करून घ्यावी, आणि वित्त पाहणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्याने तसा दाखला द्यावा. हा नियम मला मनापासून पटतो. तो नसता तर दरवर्षी ३१ मार्चला हजारो चेक फाडले गेले असते आणि कामांचा पत्ता कुणालाच लागला नसता.

३१ मार्च २०२४ च्या रात्री त्या संस्थेच्या बँक खात्यात पूर्ण आठ लाख पडून होते. एक वीटसुद्धा विकत घेतलेली नव्हती. म्हणजे कंपनीचं देणं १२ लाख, खर्च ४ लाख, आणि अखर्चित रक्कम ८ लाख.

२०२१ च्या आधी असं झालं असतं तर फार काही बिघडलं नसतं. सुरुवातीच्या काळात कायदा म्हणायचा की खर्च करा, नाही जमलं तर संचालकांच्या वार्षिक अहवालात कारण लिहा. मग अहवालांतून एकच वाक्य पाझरायला लागलं, ‘योग्य प्रकल्प सापडला नाही.’ पैसे कंपनीतच राहत. हे थांबवायला २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, आणि तिच्यात चुकणाऱ्या अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. उद्योगजगतातून मोठी ओरड झाली. इंजेती श्रीनिवास यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही त्याच ऑगस्टमध्ये अहवाल देताना ही चूक फौजदारी गुन्हा न मानता दिवाणी ठेवावी अशी शिफारस केली. सरकारने ती कैदेची तरतूद अमलात आणलीच नाही. २०२० च्या दुरुस्तीने तिच्या जागी दंड आला आणि २२ जानेवारी २०२१ पासून आजची व्यवस्था सुरू झाली. त्या दिवसापासून अखर्चित पैसे कंपनीकडे राहत नाहीत. कारण सांगितलं तरी राहत नाहीत.

मग ते जातात कुठे? इथे दोन वाटा फुटतात, आणि कोणती वाट धरायची हे ३१ मार्चला ज्या अवस्थेत कागद असतील त्यावरून ठरतं.

पहिली वाट आहे ती ‘चालू प्रकल्पा’ची. काम एकाहून अधिक वर्षं चालणारं असेल आणि ते सुरू झालेलं असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, एका वेगळ्या बँक खात्यात टाकायची. या खात्याचं नावच ‘अनस्पेंट सीएसआर अकाउंट’. शेड्यूल्ड बँकेत ते उघडायचं आणि दर वर्षाच्या शिलकीसाठी नवं उघडायचं. प्रकल्पागणिक वेगवेगळं लागत नाही. या खात्यातले पैसे धंद्यात फिरवता येत नाहीत, की कर्जाला तारण ठेवता येत नाहीत. तिथून पुढे तीन आर्थिक वर्षांत ते त्याच कामावर खर्च करायचे. आमच्या कारखान्याच्या बाबतीत ३० एप्रिल २०२४ ला पैसे त्या खात्यात गेले असते तर ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदत मिळाली असती. तोवरही जे उरेल ते पुढच्या ३० दिवसांत सरकारी निधीत.

दुसरी वाट बाकी सगळ्यांची. चालू प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या निधीत भरून टाकायची. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, स्वच्छ भारत कोश, स्वच्छ गंगा निधी यांतला कोणताही चालतो. मुख्यमंत्री सहायता निधी या अनुसूचीत नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या ऐन धामधुमीत मंत्रालयाने हे स्वतंत्र परिपत्रक काढून सांगितलं, तेव्हा राज्यातल्या अनेकांना धक्का बसला होता. आजही मला कारखानदार विचारतात की मुख्यमंत्री निधीत भरलं तर चालेल ना. तिथे देणगी द्यायला कुणाची हरकत नाही, पण सीएसआरच्या हिशेबात ती धरली जात नाही.

दोन वाटांमधला फरक नुसता तारखांचा नाही. पहिल्या वाटेने गेलेला पैसा त्याच शाळेसाठी राखून ठेवलेला राहतो. दुसऱ्या वाटेने गेलेला पैसा दिल्लीतल्या निधीत जातो, आणि त्यातून साताऱ्याच्या त्या शाळेला काही परत मिळेल याची शक्यता जवळजवळ नाही. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं याच कलमात लिहिलेलं आहे, मंत्रालय ते मार्गदर्शक मानतं, सक्तीचं नव्हे. पण पैसा एकदा केंद्राच्या निधीकडे वळला की परिसराचा प्रश्नच उरत नाही. हे मला खटकतं. कारखान्याचं सांडपाणी, ट्रकची धूळ, रात्रपाळीचा भोंगा हे सगळं त्या गावाच्या वाट्याला येतं. मुदत चुकल्यावर पैसा निदान जिल्ह्यात राहील अशी सोय कायद्यात असायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमचा आठ लाखांचा प्रश्न. ते काम ‘चालू प्रकल्प’ होतं का?

मालक म्हणाला, ‘अहो साहेब, काम चालूच होतं की. जानेवारीपासून मी स्वतः पंचायत समितीत खेपा घालतोय.’ त्याचं खरं होतं. पण कायद्यातल्या ‘चालू’ला नेमका अर्थ आहे. प्रकल्प सुरू झाला असं केव्हा म्हणायचं, तर कंपनीने त्याची वर्क ऑर्डर काढली किंवा त्याचं कंत्राट दिलं तेव्हा. हेही त्याच २०२१ च्या परिपत्रकात आहे. खेपा, चर्चा, नकाशा, भूमिपूजनाचा फोटो यांनी प्रकल्प सुरू होत नाही. आमच्याकडे ३१ मार्चपूर्वीच्या तारखेची वर्क ऑर्डर नव्हती. संचालक मंडळाचा ठराव होता, पण त्यात एवढंच लिहिलं होतं की अमुक संस्थेला आठ लाख देण्यात यावेत. काम किती काळ चालेल, कोणत्या टप्प्यात किती पैसे लागतील, पुढच्या वर्षात का जात आहे, याचा एक शब्द नव्हता.

आणि इथेच जीव तुटतो. त्या मार्चमध्ये काय करायला हवं होतं, ते फार थोडं होतं. एक ठराव, की स्वच्छतागृहांचं काम परवानगीअभावी पुढच्या वर्षात जात आहे, सबब ते बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करण्यात येत आहे. आधी एका वर्षाचं म्हणून मंजूर केलेलं कामसुद्धा योग्य कारण देऊन असं पुढे नेता येतं, नियमांत ती मुभा आहे. एक वर्क ऑर्डर ठेकेदाराच्या नावाने, तारीख ३१ मार्चच्या आतली, परवानगी मिळताच काम सुरू करण्याच्या अटीवर. आणि एप्रिलमध्ये बँकेत एक खातं, त्यात आठ लाख. तीच स्वच्छतागृहं, त्याच मुली, तोच नोव्हेंबर. दंड शून्य. खात्यात शिल्लक आहे तोवर सीएसआर समिती मात्र नेमावी लागली असती, कारण २०२२ पासून तसा नियम आहे. तो दोन ओळींचा ठराव.

मे महिन्यात ऑडिटरने हिशेब तपासताना संस्थेकडून वापराचा दाखला मागितला. संस्थेने प्रामाणिकपणे लिहून दिलं की ३१ मार्चपर्यंत खर्च काही नाही. ऑडिटरने आठ लाख अखर्चित म्हणून दाखवले. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. चालू प्रकल्पाची वाट बंद झाली होती, पण ३० सप्टेंबरपर्यंत आठ लाख निधीत भरले असते तर दंड टळला असता. मालकाने भरले नाहीत. त्याचं म्हणणं एवढंच की पैसे तर मी दिलेत, संस्थेकडे आहेत, शाळेचं काम होणार आहे, मग पुन्हा आठ लाख कशाचे भरू? जून संपता संपता परवानगी आली, पावसाळा उतरल्यावर पाया खणला गेला, नोव्हेंबरात काम झालं. तोवर ३० सप्टेंबर येऊन गेला होता.

दंडाचा हिशेब कलम १३५ च्या सातव्या पोटकलमात आहे. जी रक्कम निधीत किंवा त्या खात्यात टाकायची होती तिच्या दुप्पट, किंवा एक कोटी रुपये, यांतलं जे कमी असेल तो कंपनीला दंड. कसूरदार अधिकाऱ्याला त्या रकमेच्या एक दशांश किंवा दोन लाख, यांतलं जे कमी असेल ते, आणि हे प्रत्येकाला वेगळं. आठ लाखांची दुप्पट सोळा लाख. एक दशांश म्हणजे ऐंशी हजार, तीन संचालकांचे मिळून दोन लाख चाळीस हजार. कंपनीत वेगळा कार्यकारी संचालक किंवा पगारी सेक्रेटरी नव्हता, कुणा एकावर ही जबाबदारी टाकल्याचा ठरावही नव्हता, त्यामुळे तिघेही कसूरदार ठरले. वहिनींना ऐंशी हजारांचा दंड स्वतःच्या खात्यातून भरावा लागला, कारण अधिकाऱ्यांचा दंड कंपनीच्या पैशातून भरायचा नसतो. त्यांनी मला विचारलं होतं, ‘मी काय केलं?’ सही केली होती, एवढंच मला सांगता आलं.

दंड भरला म्हणजे मूळ देणं सुटतं असंही नाही. आठ लाख निधीत भरावेच लागतात. म्हणून हिशेब असा झाला की आठ लाख निधीत, सोळा लाख कंपनीचा दंड, दोन लाख चाळीस हजार संचालकांचा. एकूण २६ लाख ४० हजार. वर्षाचं मूळ देणं होतं बारा लाखांचं.

माझ्याकडे हे आलं तेव्हा डिसेंबर २०२४ उजाडला होता. मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. आठ लाख ताबडतोब पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत भरा, आणि नोटीस यायची वाट न बघता स्वतःहून कंपनी निबंधकांकडे अर्ज करा. हा खटला नसतो. कलम ४५४ खाली निबंधक किंवा त्यांच्या दर्जाचा अधिकारी न्यायनिर्णय करतो, बाजू ऐकून घेतो आणि आदेश काढतो. आम्ही शाळेचे फोटो जोडले, बिलं जोडली, बाईंचं पत्र जोडलं. पण या कलमात दंडाचा आकडाच बांधलेला आहे. ‘पर्यंत’ असा शब्द नाही, जो अधिकाऱ्याला हेतू पाहून आकडा खाली आणू देईल. दुप्पट म्हणजे दुप्पट. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत प्रादेशिक संचालकांकडे अपील करता येतं. आणि आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत दंड भरला नाही, तर मात्र प्रकरण फौजदारी होतं आणि अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीएसआरच्या वाटेवर कैद अजून शिल्लक आहे ती या एकाच वळणावर. मालकाने अपील केलं नाही. दंड भरला.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावं असं मला वाटतं. दुप्पट किंवा एक कोटी, जे कमी. म्हणजे ५० लाखांपर्यंतच्या अखर्चित रकमेवर दुपटीचा दंड पूर्ण लागतो. ५० लाखांच्या पुढे दंड एक कोटीवर थबकतो. एखाद्या महाकाय कंपनीचे ४० कोटी राहून गेले तरी कंपनीचा दंड एक कोटीच, म्हणजे अडीच टक्के. आमच्या गिअरवाल्याला तो दोनशे टक्के. अधिकाऱ्यांचंही तसंच, २० लाखांच्या पुढे दोन लाखांवर थांबतं. मोठ्या कंपनीला ४० कोटी निधीत भरावेच लागतात हे खरं, आणि शेअर बाजारात नाव खराब होतं तेही खरं. तरी ज्याच्याकडे सीएसआरसाठी स्वतंत्र विभाग आहे, वकील आहेत, सॉफ्टवेअर आहे, त्याला हलका दंड. आणि ज्याच्याकडे अर्धवेळ अकाउंटंट आहे त्याला दुप्पट. ही मांडणी अन्याय्य आहे. छोट्या रकमांसाठी, पैसे खरोखर त्याच कामावर गेल्याचं सिद्ध झालं तर, दंड कमी करण्याचा अधिकार निबंधकांना द्यायला हवा.

त्याचबरोबर दुसरी बाजूही मी रोज बघतो. दुपटीच्या दंडाची धास्ती नसती तर जानेवारीत ऑडिटरने विचारल्यावर हा मालक शाळेत गेलाच नसता. अहवालात ‘योग्य प्रकल्प सापडला नाही’ असं लिहून मोकळा झाला असता. कायद्याने लोकांना हलवलं आहे, यात शंका नाही. फक्त हलतात ते मार्चमध्ये.

गावातल्या शाळेला, ग्रामपंचायतीला किंवा संस्थेला यातून काय मिळवता येईल? मार्चमध्ये कंपनीच्या दारात जाऊ नका. तेव्हा कंपनीला खर्च हवा असतो, काम नको असतं, आणि मग वह्या, छत्र्या, रेनकोट वाटले जातात, कारण ते तीन दिवसांत विकत घेता येतात. बांधकामाची परवानगी आधी काढून ठेवा आणि जून-जुलैत जा. सोबत जागेचा उतारा, ठराव, अंदाजपत्रक असेल तर कंपनीला त्याच वर्षी वर्क ऑर्डर काढता येते. संस्थेमार्फत काम होणार असेल तर संस्थेची मंत्रालयाकडे सीएसआर-१ या फॉर्ममध्ये नोंदणी झालेली आहे का, ते आधी पाहा, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.

आणि आपल्या परिसरातली कंपनी काय करते हे तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. csr.gov.in या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधलं की वर्षवार देणं, खर्च आणि कामं दिसतात. कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथे टाकणं तिला बंधनकारक आहे. वार्षिक अहवालाला जोडलेलं सीएसआरचं परिशिष्ट मिळालं तर त्यातला अखर्चित रकमेचा तक्ता शोधा. त्यात दोन रकाने असतात, एक त्या वेगळ्या खात्यात टाकलेल्या रकमेचा आणि दुसरा निधीत भरलेल्या रकमेचा, दोन्हींसमोर तारीख. पहिल्या रकान्यात आकडा असेल तर गावाच्या कामाला तीन वर्षं अजून जीव आहे, आणि कंपनीकडे जाऊन ‘आमच्या कामाचे पैसे त्या खात्यात आहेत, काम कधी पुरं करता?’ असं विचारता येतं. दुसऱ्या रकान्यात आकडा असेल तर ते पैसे गेले. तारीख ३० एप्रिल किंवा ३० सप्टेंबरच्या पुढची दिसली तर कंपनीत काहीतरी चुकलं आहे.

गेल्या वर्षी त्या मालकाने शाळेच्या कुंपणभिंतीचं काम घेतलं. ठरावाचा मसुदा त्याने जूनमध्येच मला पाठवला. त्यात काम दोन वर्षांचं म्हणून लिहिलं होतं, टप्पे होते, रकमा होत्या. सप्टेंबरात वर्क ऑर्डर निघाली. वहिनींनी सही करण्याआधी मला फोन केला आणि ठरावातली प्रत्येक ओळ वाचून घेतली. ‘आणि ३० एप्रिलला बँकेत कोण जाणार आहे?’ असं त्यांनी शेवटी विचारलं. मालकाचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, ‘मी जाईन.’